वार्षिकांकासाठी ‘बनगरवाडी’वर लिहिलं, त्यातलं थोडं इथे

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी नुकत्याच वाचलेल्या कादंबरीवर लिहून द्यायचं होतं. मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली. पुस्तक १९५५ सालचं, पण मी पहिल्यांदा वाचलं ते या दिवाळीच्या सुट्टीत. औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरवाडीत नवा मास्तर येतो, हळूहळू त्या गावचा होतो, आणि दुष्काळ पडल्यावर गावच उठून जातं. गोष्ट म्हणावी तर एवढीच.

मला सगळ्यात आवडलं ते माडगूळकरांचं हात राखून लिहिणं. शेकूचं उदाहरण घ्या. पेरणीची वेळ, आणि एका बैलाची सोय नाही. शेवटी त्या बैलाच्या जागी शेकूची बायको जुवाला खांदा देते. इथे रडारड नाही, गरिबीवर भाषण नाही. मास्तरला दिसलं तेवढं सांगून लेखक थांबतो. मी पान उलटायचं विसरून बसलो होतो.

पण माझी तक्रारही याच प्रसंगाशी आहे. आमची आजी माण तालुक्यातली. तिला हा भाग वाचून दाखवला. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “आन् रातच्याला तिचं अंग दुखलं नसंल व्हय रं? त्ये नाय लिवलं?” नाही लिहिलेलं. सगळी वाडी आपल्याला मास्तरच्या डोळ्यांनी दिसते, आणि परक्या तरुण मास्तरला बायकांच्या घरात, मनात शिरता येत नाही, हे मला कळतं. तरी गावच्या कारभाऱ्याची मुलगी अंजी, तिच्या चोळीचा प्रसंग वाचताना हेच पुन्हा खटकलं. ती मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते, त्यावरून कारभाऱ्याच्या मनात संशय येतो. पुढे आपण मास्तर आणि कारभारी यांच्यातल्या दुराव्यात गुंततो. अंजीला काय वाटलं, हा प्रश्न बाजूलाच राहतो. पुरुष मात्र किती जिवंत आहेत! चोऱ्या करणारा आनंदा रामोशी तर मला अजून समोर दिसतो.

दुसरी तक्रार लहान आहे. तालीम बांधण्याचा भाग सावकाश, रंगत जातो. गावाने एकत्र येऊन भिंती उभ्या करणं, मग खुद्द राजेसाहेबांचं येणं, सगळं आपल्यासमोर घडतं. त्या मानाने दुष्काळ फार भरभर येतो. माणसं मेंढरं घेऊन निघून जातात तेव्हा मला तिथे अजून थांबायचं होतं. ज्यांच्याशी एवढी ओळख झाली, त्यांना नीट निरोप देता आला नाही.

मित्राचं म्हणणं, गावं अशीच अचानक रिकामी होतात, म्हणून शेवट तसाच हवा. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तुमच्यापैकी कोणी वाचली असेल तर शेवटाबद्दल जरूर लिहा. लेख सोमवारी द्यायचा आहे, आणि अंजीबद्दलचा परिच्छेद मी काढणार नाही.