वाचन प्रेरणा दिनाच्या सभासद नोंदणीबद्दल आलेल्या अभिप्रायाला आमचं उत्तर

“बोर्डावर ‘प्रवेश शुल्क माफ’ आणि आत गेल्यावर ९५० रुपये घेतले! स्वागत-भेट म्हणून हातात दिला तो गेल्या वर्षीचा दिवाळी अंक, राशिभविष्यसुद्धा जुनं. वर अर्धा तास उभं ठेवलं. सरळसरळ फसवणूक. एक तारा.”

नमस्कार मॅडम,

तुम्हाला थांबावं लागलं त्याबद्दल मनापासून क्षमस्व. त्या संध्याकाळी काउंटरवर आम्ही दोघंच होतो आणि शाळा सुटल्यावर मुलांची गर्दी एकदम आली.

पण ‘फसवणूक’ हा शब्द जिव्हारी लागला, म्हणून पैशांचं सविस्तर सांगतो. माफ केलं ते प्रवेश शुल्क, १०० रुपये, आणि ते तुमच्याकडून घेतलेलं नाही. पावतीवर त्या रकान्यात शून्य आहे. बाकी ४५० रुपये म्हणजे महिना १५० प्रमाणे तीन महिन्यांची वर्गणी, आणि ५०० रुपये अनामत. अनामत ही फी नव्हेच. ती तुमचीच रक्कम, आमच्याकडे ठेवलेली. कार्ड बंद केलंत, पुस्तकं परत आली आणि वर्गणी बाकी नसली की त्याच दिवशी रोख परत मिळते. पावती हरवली तरी नोंदवहीत बघून देतो.

अनामत का घ्यावी लागते, हे काउंटरवर सांगू लागलो तेव्हा तुम्ही “मला हिशेब नको” म्हणालात, म्हणून इथे लिहितो. एका कार्डावर आपण एक पुस्तक आणि एक मासिक घरी नेता. चांगली कादंबरी आज ४००च्या पुढे, दिवाळी अंक ३०० ते ४००. म्हणजे ५०० रुपये ठेवून ७०० रुपयांचा ऐवज घरी जातो. पुस्तक हरवलं तर बहुतेक वेळा दुसरी प्रत मिळते. दिवाळी अंकाचं तसं नाही. तो सहसा पुन्हा छापत नाहीत, आणि जानेवारीनंतर विक्रेत्याकडे मागितला तर “संपला” हेच उत्तर येतं. अंकाची कमाईही दिवाळी ते होळी एवढीच. या दिवसांत तो चार-चार दिवसांनी हात बदलत राहिला तरच त्याची किंमत वसूल होते. एखाद्याने महिनाभर घरीच ठेवला तर दोन रुपये रोजचा दंड घेऊन काय भरून निघणार? आणि भाड्याची जागा सोडून जाणारे जाताना आम्हाला कळवतातच असं नाही. तेव्हा हाताशी राहते ती अनामतच.

पलीकडच्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी कमी आहे, असंही तुम्ही म्हणालात. असेलच. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळतं. आमचं वाचनालय खासगी, गाळ्याचं भाडं आणि विजेचं बिल वर्गणीतूनच निघतं. तिथलंही सभासदत्व जरूर घ्या, आमचे कितीतरी वाचक दोन्हीकडे आहेत.

आता भेटीचं. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला असतो, दिवाळी त्यानंतर येते. त्या दिवशी नवे अंक आमच्याकडेच जेमतेम चार-पाच आले होते, आणि तेही सभासदांना द्यायला. भेटीसाठी मांडलेले अंक गेल्या वर्षीचे आहेत, असं टेबलावर लिहिलेलं होतं. अंक तुम्ही स्वतः निवडलात, दोनदा बदलूनही घेतलात, आम्ही हसतमुखाने बदलून दिला. राशिभविष्य जुनं झालं हे कबूल. कथा, लेख, व्यंगचित्रं मात्र त्यात तशीच आहेत, आणि आतल्या पानावर आमच्या शिक्क्याशेजारी ‘सप्रेम भेट’ असं लिहूनच दिलं आहे. शाळेच्या मुलांसमोर त्याला ‘रद्दी’ म्हणायला नको होतं, एवढंच वाटतं.

‘अनामत व वर्गणी वेगळी’ ही बोर्डावरची ओळ खाली, बारीक अक्षरांत होती. पुढच्या वेळी ती मोठी करू, गर्दीचंही काहीतरी बघू.

नवे अंक आता रोज येताहेत. ते याच कार्डावर मिळतात, आम्ही दिवाळी योजनेचे वेगळे पैसे घेत नाही. तुम्हाला हवा असलेला एखादा अंक असेल तर नाव कळवा, राखून ठेवतो. कार्ड बंदच करायचं असेल तर पुस्तक घेऊन या. ५०० रुपये अनामत लगेच मिळेल, आणि न वापरलेल्या महिन्यांची वर्गणीही, जी एरवी आम्ही परत करत नाही. फक्त दुपारी एक ते साडेचार बंद असतं, तेवढं बघून निघा.

आपला,
वाचनालय चालक