जपानी उपाहारगृहाला पाठवायची शाकाहाराची चिठ्ठी

जपानला निघालेले शाकाहारी मराठी पर्यटक ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढेच वाक्य जपानीत करून घेतात, आणि माझ्या मते ते वाक्य जवळजवळ निरुपयोगी आहे. ते वाचून स्वयंपाकी ताटातले मांसमाशाचे तुकडे काढतो, पण दाशी तशीच राहते. दाशी म्हणजे बहुतेकदा कात्सुओबुशी, अर्थात सुकवून धुरावलेल्या कात्सुओ माशाचा कीस, किंवा निबोशी नावाचे सुके बारीक मासे यांचा अर्क. आपण भाजीत काय काय आहे हे सांगताना फोडणीचे तेल मोजत नाही, तशीच तिथे दाशी सहसा मोजली जात नाही.

क्योतोचे युदोफू घ्या. नान्झेन्जी मंदिराच्या परिसरात मिळणारा हा पदार्थ म्हणजे कोम्बू या समुद्री शेवाळाच्या पाण्यात गरम केलेले टोफू. भांड्यात सहसा मासा नसतो. तो असतो शेजारच्या वाटीतल्या सॉसमध्ये, आणि कधी वरून भुरभुरलेल्या किसात. म्हणून चिठ्ठीत पदार्थाचे आणि घटकाचे नाव हवे. मी असा मजकूर लिहीन:

‘आम्ही मांस, मासे, कोळंबी आणि अंडी खात नाही. आम्ही कात्सुओबुशी आणि निबोशी यांची दाशीही खात नाही. आम्ही कोम्बू आणि वाळवलेल्या शिइताके अळंबीची दाशी खातो. आम्ही दूध, कांदा आणि लसूण खातो. युदोफूच्या सॉसमध्ये कात्सुओ असेल, तर कृपया आम्हाला साधा सोया सॉस द्यावा. हे शक्य नसेल, तर कृपया तसे कळवावे.’

वाक्ये मुद्दाम रुक्ष आहेत. आम्ही काय खातो आणि काय खात नाही हे सांगणाऱ्या प्रत्येक वाक्यात कर्ता आहे आणि ‘चालत नाही’ कुठेही नाही, कारण भाषांतर करणारे यंत्र त्याचा संबंध पायांशी जोडू शकते. जपानीतही नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे तयार मजकूर पुन्हा मराठीत आणून प्रत्येक ‘नाही’ जागेवर आहे की नाही, हे पाहावे.

ही चिठ्ठी जागा राखतानाच पाठवावी. दाशी आधीच मोठ्या भांड्यात करून ठेवलेली असते आणि त्याच दाशीत भाज्याही शिजवून ठेवलेल्या असतात; टेबलावर बसल्यानंतर त्यांतून मासा वेगळा काढणे कुणालाच शक्य नाही. कोम्बूची दाशी करायची तर ते बरेचदा आधी काही तास पाण्यात भिजत ठेवतात.

काही जण ‘माशाची ॲलर्जी आहे’ असे लिहिण्याचा सल्ला देतात. तो मला पटत नाही. ते खोटे तर आहेच, शिवाय सामायिक भांडी आणि तळणाचे तेल यांच्या धास्तीने उपाहारगृह सरळ नकार देऊ शकते. छापील ॲलर्जी तक्त्यावरही विसंबू नये; जपानमध्ये जाहीर करण्याच्या घटकांच्या अधिकृत यादीत बांगड्याच्या जातीचा साबा मासा आहे, कात्सुओ नाही.

उत्तरात ‘मुझुकाशी’, म्हणजे ‘कठीण आहे’, असे आले तर तो नम्र नकार समजावा आणि आग्रह न धरता शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठांतले शाकाहारी जेवण, देणारी जागा शोधावी. तीच चिठ्ठी तिथेही पाठवावी, कारण मठाबाहेरच्या काही उपाहारगृहांत याच नावाखाली कात्सुओची दाशी वापरलेली असू शकते.