हवालदार चुकीच्या चौकात

«राउटरच्या QoS मध्ये जा, बँडविड्थच्या रकान्यांत 1000 टाका आणि आपल्या लॅपटॉपला Priority द्या. मग घरात कोणी काहीही करो, मीटिंग अडकणार नाही.»

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर हा मेसेज महिन्यातून दोनदा तरी येतो. रामबागेतल्या मावशीकडे भाच्याने तो तंतोतंत पाळला, तरी दुपारच्या मीटिंगमध्ये त्याचा आवाज तुटायचाच.

QoS म्हणजे कोणाचा डेटा आधी सोडायचा हे ठरवणारी राउटरमधली सोय. सगळी गोम त्या 1000 मध्ये आहे. मावशीकडे अपलोड मिळतो 20 एमबीपीएस. राउटरला 1000 सांगितलं की त्याला रस्ता मोकळाच दिसतो. तो सगळं पुढे ढकलतो आणि रांग लागते पुढच्या फायबरच्या डब्यात, जिथे तुमची Priority कोणी विचारत नाही. कोंडी राजवाड्यापाशी आणि हवालदार रामबागेत, तसं हे. त्या डब्यात 1 एमबी माल साठला तरी 20 च्या वेगाने तो निघायला 0.4 सेकंद लागतात. त्याच्या मागे तुमचा आवाज.

हे डोळ्यांनी बघता येतं. विंडोजवर हे चालू ठेवा, उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसत राहतं:

```
ping -t 8.8.8.8
```

मावशीच्या फोनचे फोटो बॅकअपला लागले की 12 मिलिसेकंदांचे 400 व्हायचे. QoS बंद करून, घरात बाकी काही चालू नसताना, केबल लावून स्पीड मोजला आणि दोन्ही रकान्यांत त्याच्या 90 टक्के भरले, अपलोडला 18. आता रांग राउटरमध्येच लागते, म्हणून निवडही तोच करतो. तेच फोटो जात असताना पिंग 20 ते 25. दोन एमबीपीएस गेले खरे, पण कोणाला कळलेही नाहीत.

लॅपटॉपला Priority देण्यातही एक खोच आहे: त्यावर ऑफिसच्या फाइली सिंक होत असतील, तर त्याही मीटिंगच्या बरोबरीने पुढे घुसतात. राउटरमध्ये SQM ही रांग सांभाळणारी सोय असेल तर कोणालाच व्हीआयपी न करता तो प्रत्येक प्रवाहाला पाळीपाळीने सोडतो. मला तेच बरं वाटतं. डाउनलोडला मात्र कुठल्याच उपायाची पकड तितकी घट्ट नसते, कारण तिथली रांग कंपनीकडे लागते. राउटर फार तर पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला हळू करू शकतो.

राहिलं ‘अडकणार नाही’. आधी राउटरलाच पिंग करून बघा, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. तिथेच आकडे 3 वरून 150 वर उडत असतील तर दोष वाय-फायचा, आणि इंटरनेटच्या रांगेचा QoS त्यात काही करत नाही. मावशीच्या मागच्या खोलीत हेच होतं. शेवटी भिंतीच्या कडेने 15 मीटर केबल ओढली. मावशी अजून कुरकुरते, झाडू अडकतो म्हणून.