शाळेची अब्रू वाचविण्याची रीतसर पद्धत

मुख्याध्यापक महोदय, आपली शाळा तालुक्याच्या गावापासून सोळा किलोमीटरवर आहे, समोर सोयाबीनचे शेत आणि फाटकाशी एसटीचा थांबा आहे. अशा ठिकाणी मंगळवारी मधल्या सुट्टीत शिपाई आपल्या खोलीच्या दारात येऊन हळू आवाजात सांगतो, "सर, नववी 'ब'च्या पोट्ट्यांच्या मोबाईलवर आपल्याच एका पोरीचा घाण फोटो फिरून राहिला." या क्षणी आपण काय करावे, याचे मार्गदर्शन कोणत्याही प्रशिक्षणात झालेले नसते. ती उणीव भरून काढण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

सर्वप्रथम फोटो स्वतः पाहावा. ज्याच्याकडे आहे त्या मुलाला बोलावून तो आपल्या मोबाईलवर पाठवायला सांगावा, कारण न पाहता कारवाई करणे हे जबाबदार अधिकाऱ्याला शोभत नाही. मुलीने किंवा तिच्या मैत्रिणीने सांगितलेली हकीकत, गटाचे नाव, पाठविणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ एवढे वहीत टिपून घेतले तरी तक्रारीसाठी पुरते, असे काही लोक म्हणतील. पण वहीत टिपलेल्या गोष्टीला फोटोची सर येत नाही. आपल्या मोबाईलमध्ये आलेला फोटो आपोआप गॅलरीत जमा होतो आणि रात्री वायफाय मिळाले की गूगल फोटोवरही चढू शकतो. ते खाते पुण्यात शिकणाऱ्या आपल्या चिरंजीवांनीच काढून दिलेले असून त्यांच्याही मोबाईलवर चालू आहे, याची आठवण तेव्हा येऊ नये.

यानंतर पडताळणी समिती नेमावी. दोन ज्येष्ठ शिक्षक, संगणकाचे सर आणि लिपिक यांना फोटो पाठवावा आणि तो खरा आहे की बनावट आहे, यावर अहवाल मागवावा. संगणकाचे सर फोटो मोठा करून दाखवतील की मानेपाशी कातडीचा रंग बदलतो, कानाजवळची बट अर्धवट कापली गेली आहे आणि चेहऱ्यावरचा उजेड डावीकडून येत असताना खांद्यावरचा उजवीकडून येतो. निष्कर्ष सर्वानुमते निघेल की चेहरा मुलीचा असून शरीर दुसऱ्याच कोणाचे आहे. या निष्कर्षाचा उपयोग काय, असे विचारू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या व्याख्येत बालकाचे वाटावे असे, बनवलेले किंवा बदललेले चित्रही स्पष्ट शब्दांत आलेले असल्याने फोटो बनावट ठरल्याने प्रकरण तसूभरही हलके होत नाही. परंतु समितीला चहा झालेला असतो आणि इतिवृत्तात नोंद झालेली असते. या टप्प्यावर हिशेब करून पाहावा: सकाळी एकोणीस मुलांच्या गटात असलेला फोटो आता आपल्यासह पाच मोठ्या माणसांच्या मोबाईलवरही आहे, आणि यातल्या चौघांकडे तो शाळेने स्वतः पाठवलेला आहे.

समितीतल्या एखाद्या चाणाक्ष सदस्याच्या लक्षात येईल की मुलीच्या दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी आणि किंचित डावीकडे कललेली मान ही हुबेहूब पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनातली आहे. तो फोटो शाळेच्या फेसबुक पानावर, पूर्ण आकारात, नाव आणि इयत्तेसह टाकलेला आहे. चेहरा बदलून देणाऱ्या ॲपला समोरून काढलेला एकच स्वच्छ चेहरा पुरतो आणि काम मिनिटाभरात होते. शाळेने तो चेहरा उत्तम उजेडात काढून सर्वांसाठी उघडा ठेवला होता. हा मुद्दा इतिवृत्तात घेऊ नये.

आता मुलीला बोलवावे. दार उघडे ठेवावे म्हणजे व्हरांड्यातून जाणाऱ्यांनाही कारवाई सुरू असल्याचे दिसेल. तिला विचारावे की स्टेटसला फोटो कशाला ठेवतेस, त्या मुलाशी बोलणे होते का, घरी मोबाईल कोणाचा वापरतेस. ती रडू लागली तर ते अपराधीपणाचे लक्षण समजावे. दुसऱ्या दिवशी परिपाठाला राष्ट्रगीत झाल्यावर कोणाचेही नाव न घेता बोलावे. "मुलींनी मोबाईलपासून दूर राहावे, नाहीतर नववी 'ब'मध्ये काल जे घडले ते कोणाच्याही बाबतीत घडू शकते," एवढे म्हटले की सगळ्या माना एकाच दिशेने वळतात आणि नाव न घेतल्याचे समाधानही मिळते. ज्या पाचवीच्या मुलांना आतापर्यंत काहीच माहीत नव्हते, ती घरी जाऊन आजीला विचारतील.

पुराव्याच्या बाबतीत तर विशेष तत्परता दाखवावी. नववीच्या सर्व मुलांचे मोबाईल गोळा करावेत आणि संगणकाच्या सरांना बसवून प्रत्येकातला फोटो आणि तो गटच पुसून टाकावा. व्हॉट्सॲपवरचा मजकूर पाठविणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मोबाईलखेरीज इतरत्र सहसा वाचता येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा कोणी आणि किती वाजता टाकले हे सांगणारी वस्तू म्हणजे तो मोबाईलच असतो. तोच पुसला की तपासाची कटकट उरत नाही. पाठविणाऱ्याने 'सर्वांसाठी काढून टाका' केले तरी ज्यांच्या गॅलरीत फोटो आधीच उतरला त्यांच्याकडे तो तसाच राहू शकतो, आणि ज्यांनी दुपारच्या सुट्टीत तो शेजारच्या गावच्या मावसभावाला पाठवला त्यांच्याकडे तर आपले सर पोहोचूही शकत नाहीत. म्हणजे पुरावा संपतो आणि फोटो उरतो. मोबाईल बंद करून, मुलाच्या पालकासमोर पाकिटात घालून, वर सही घेऊन तो पोलिसांकडे देणे हा फारच साधा उपाय असल्याने अनुभवी माणसाला तो सुचत नाही.

तिसऱ्या दिवशी मुलीचे वडील येतील. ते कापसाची वेचणी सोडून आलेले असतील आणि खुर्चीवर न बसता उभेच राहतील. "सर, पोरगी दोन दिवसांपासून जेवून नाही राहिली. तुम्ही काही करसान का?" असे ते विचारतील. त्यांना पाणी द्यावे आणि प्रकरण तंटामुक्त समितीपुढे ठेवण्याचा प्रस्ताव मांडावा. बांधाचा वाद जिथे मिटतो तिथे हाही मिटेल. फोटो बनविणाऱ्या मुलाचे वडील ग्रामपंचायतीचे सदस्य असल्यास फारच सोयीचे, कारण ते समितीतही असतात. सात-आठ पुरुषांनी पारावर बसून मुलीच्या फोटोविषयी चर्चा करावी, मुलाने कान पकडावेत, वडिलांनी कागदावर अंगठा किंवा सही द्यावी. पोक्सोखालचा गुन्हा असा आपसात मिटवता येत नाही आणि त्या कागदाला कवडीची किंमत नाही, हे त्या बैठकीत कोणीही सांगणार नाही याची खात्री बाळगावी.

कायद्याचे पुस्तक शक्यतो उघडू नये. उघडलेच, तर पोक्सोच्या कलम १९ चे पान पुढच्या पानाला चिकटलेले आहे असे समजावे. त्यात लिहिले आहे की असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या कोणीही ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलीच पाहिजे. संस्थेची परवानगी, पालकांची संमती, समितीचा अहवाल यांतले काहीच त्यासाठी लागत नाही. चिकटलेले पान सुटले तर पुढे कलम २१ दिसते, ज्यात न कळविणारी व्यक्ती संस्थेची प्रमुख असल्यास आणि गुन्हा तिच्या हाताखालच्या कोणी केला असल्यास एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे, आणि इतर कोणी न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आपला मुद्दा असा असू शकतो की विद्यार्थी म्हणजे हाताखालची व्यक्ती नव्हे. वकिलाला हा मुद्दा आवडेल, आणि त्याने तो जिंकला तरी आपल्यासाठी सहा महिन्यांचे कलम शिल्लक राहील.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ 'ब' त्याहून गैरसोयीचे आहे. बालकाला अश्लील रीतीने दाखविणारे चित्र बनविणे, उतरवून घेणे आणि पुढे पाठविणे यांसाठी पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड त्यात आहे, आणि ते वाचताना पडताळणी समितीच्या चहाची चव एकदम बदलते.

पोलिसांना न कळविण्याचे सर्वांत सभ्य कारण म्हणजे मुलीची बदनामी. गावात जीप येईल, लोक जमतील, असे आपण वडिलांना समजावून सांगावे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, हे कलम २४ मध्ये आहे. तिची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, हेही त्यांना सांगू नये, कारण मग परिपाठातले आपले भाषण आठवेल. दुसरे सभ्य कारण म्हणजे मुलाचे भवितव्य. चौदा वर्षांच्या मुलाला कोठडीत टाकत नाहीत, त्याला बाल न्याय मंडळापुढे नेतात आणि मंडळ समज देणे, समुपदेशन, समाजसेवा असे आदेश देऊ शकते. परंतु 'पोराचे आयुष्य बरबाद होईल' हे वाक्य इतके वजनदार आहे की त्याच्यापुढे दुसऱ्या पोरीचे आयुष्य तराजूत ठेवायची वेळच येत नाही.

एखादी तरुण शिक्षिका कदाचित सांगेल की शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती आहे, १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर रंगवलेला आहे आणि cybercrime.gov.in वर बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. ती असेही सांगेल की takeitdown.ncmec.org या ठिकाणी अठरा वर्षांखालील मुलीच्या फोटोचा अंकरूपी ठसा तिच्याच मोबाईलवर तयार होतो, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आणि त्या ठशावरून इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या सहभागी ठिकाणी तो फोटो ओळखून काढता येतो. व्हॉट्सॲपच्या खासगी गटांत मात्र तो ठसा चालत नाही, म्हणून तिथे मोबाईल जपणे आणि पोलिसांना कळविणे हेच करावे लागते. बाईंचे म्हणणे शांतपणे ऐकावे आणि त्यांना वार्षिक स्नेहसंमेलनाची जबाबदारी द्यावी.

मग उरते ती फक्त मुलगी. ती शाळेत येईनाशी होईल, आणि नोव्हेंबरात वडील दाखला मागायला येतील. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहावे आणि 'वर्तणूक' या रकान्यात 'चांगली' असे लिहून मोठ्या मनाने शिक्का मारावा. मुलगा दहावीलाही आपल्याकडेच राहणार असल्याने पटसंख्येत एकचाच फरक पडतो.

जानेवारीत झेंडावंदनाला छायाचित्रकार येईल. तो लेझीमच्या पहिल्या रांगेतल्या मुलींना उन्हाकडे तोंड करून उभे करील, एकेकीचा चेहरा स्वच्छ टिपेल, आणि संध्याकाळच्या आत लिपिक ते सगळे फोटो पूर्ण आकारात, नाव आणि इयत्तेसह, शाळेच्या पानावर टाकतील.