रोमची बिशपांची यादी

‘रोममध्ये येशूचे प्रेषित पीटर यांच्यानंतर लगेच एकच बिशप होता का?’

उपलब्ध पत्रे तसे सुचवत नाहीत. इ. स. 96च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने ग्रीसमधील करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या पत्रात ‘अध्यक्ष’, म्हणजेच बिशप, आणि ‘वडील’ हे शब्द एकाच पदासाठी, तेही अनेकवचनात येतात. आशिया मायनरमधील मंडळ्यांना एका बिशपच्या आज्ञेत राहण्यास कळकळीने सांगणारे अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस रोमला लिहिताना मात्र तेथील बिशपाचा उल्लेखही करत नाहीत, आणि हे मौन मला फार बोलके वाटते. लायनसपासून एल्युथेरसपर्यंतची रोमच्या बिशपांची बारा नावांची यादी लियॉंचे बिशप आयरेनियस यांनी 180च्या सुमारास दिली, ती प्रेषितांची गुप्त शिकवण आपल्याकडे असल्याचा दावा करणाऱ्या ज्ञानवादी पंथांना उत्तर म्हणून: प्रेषितांकडे काही गुप्त शिकवण असती, तर ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच ती त्यांनी आधी दिली असती.