एका पक्क्या जोडीने किती पर्याय उडतात?

«जोड्या लावा आलं की घाबरू नका. एक जोडी पक्की असली की चारपैकी तीन पर्याय उडतात. ग्रहणाचा सिद्धांत म्हणजे कायदा रद्द, एवढं पाठ करा. बाकीचे सिद्धांत वाचत बसू नका.»

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमधून हा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. त्यातील पहिले वाक्य मला मान्य आहे. पुढची तीन मात्र तपासून पाहावी लागतील.

तीन पर्याय उडतातच, हे गृहीतक प्रश्न काढणाऱ्याच्या हातात असते, आपल्या नव्हे. सोयीसाठी मीच रचलेला एक प्रश्न पाहा. डावीकडे अ) ग्रहण, ब) पृथक्करण, क) सारतत्त्व आणि ड) छद्म विधान हे सिद्धांत आहेत. उजवीकडे त्यांचे परिणाम आहेत: १) विसंगत तेवढाच भाग रद्द होतो, उरलेला टिकतो, २) मूळ विषय अधिकारातला असेल तर दुसऱ्या सूचीत ओझरता शिरकाव झाला तरी कायदा वैध राहतो, ३) कायदा सुप्त होतो, विसंगती गेली की पुन्हा अमलात येतो, ४) जे सरळ करता येत नाही ते आडमार्गाने केल्यास कायदा टिकत नाही. पर्याय असे आहेत:

(१) अ-३, ब-१, क-४, ड-२
(२) अ-३, ब-१, क-२, ड-४
(३) अ-१, ब-३, क-२, ड-४
(४) अ-३, ब-४, क-२, ड-१

ज्याला केवळ ग्रहण पक्के येते, त्याच्या हाती अ-३ आहे. पण ती जोडी तीन पर्यायांत असल्याने त्याला फक्त (३) खोडता येतो. त्याला सारतत्त्वही येत असेल तर (१) जातो, तरी (२) आणि (४) शिल्लक राहतातच, म्हणजे दोन जोड्या पक्क्या असूनही उत्तर निघत नाही. उलट ज्याला पृथक्करण येते, तो ब-१ या एकाच जोडीने (३) आणि (४) दोन्ही खोडतो, आणि उरलेल्या दोघांत क किंवा ड यांपैकी कोणतीही एक जोडी निकाल लावते. जोडी किती कामाची, हे ती किती पर्यायांत पुन्हा आली आहे यावर ठरते. म्हणून आपल्याला काय येते ते आठवण्याआधी चारही पर्याय उभे वाचून प्रत्येक अक्षरापुढे कोणता आकडा किती वेळा आला आहे, ते मोजावे. याला वीस सेकंदही लागत नाहीत.

दुसरी चूक अधिक महागाची आहे. «ग्रहण म्हणजे रद्द» हे पाठ केलेला विद्यार्थी वरच्या प्रश्नात अ-१ धरेल, (३) निवडेल आणि बरोबर पर्याय स्वतःच्याच हाताने खोडेल. सिद्धांताच्या नावातच त्याचे उत्तर आहे: ग्रहणात सूर्य झाकला जातो, विझत नाही. १९५५ च्या भिकाजी नारायण धाकरस खटल्यात आपल्या शेजारच्या मध्य प्रांत व वऱ्हाडचा, १९४७ मध्ये दुरुस्त झालेला मोटार वाहन कायदा प्रश्नात होता. मोटार वाहतुकीचा धंदा सरकारला आपल्याकडे घेता येईल, अशी त्यात तरतूद होती. २६ जानेवारी १९५० पासून ती व्यापार-व्यवसायाच्या मूलभूत हक्काशी विसंगत ठरली. पण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(६) मध्ये अशा सरकारी मक्तेदारीला जागा करून दिली आणि झाकलेली तरतूद नव्याने न करताच पुन्हा अमलात आली.

या सिद्धांतालाही मर्यादा आहे, आणि परिणामाच्या रकान्यात फसवे वाक्य टाकायला परीक्षक तिचाच उपयोग करू शकतो. तो मुख्यतः घटनेपूर्वीच्या कायद्यांना, म्हणजे अनुच्छेद १३(१) ला लागू होतो. मूलभूत हक्कांशी विसंगत असा घटनेनंतरचा कायदा जन्मतःच निरर्थक असल्याने तो पुढच्या घटनादुरुस्तीने जिवंत होत नाही, असे १९५९ च्या दीपचंद खटल्यात ठरले. (निगम आणि परदेशी व्यक्तींच्या बाबतीत पुढे यात फाटे फुटले, पण जोड्या लावायला तेवढे खोल जावे लागत नाही.)

उरला «बाकीचे वाचू नका» हा सल्ला. दोन पर्याय उरले आणि अंदाज लावला, तर राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या २५ टक्के गुण जात असल्याने हिशेब आपल्या बाजूने असतो. अंदाज जरूर लावावा. मात्र हा हिशेब बरोबर उत्तर त्या दोघांत शिल्लक असेल तरच जुळतो. शिवाय «वरीलपैकी किती जोड्या बरोबर आहेत? केवळ एक, केवळ दोन, केवळ तीन, सर्व» असे पर्याय केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत अलीकडे येतात. तिथे एक जोडी पक्की असूनही एकही पर्याय खोडता येत नाही, कारण «केवळ एक» पासून «सर्व» पर्यंत चारही शक्यता तिच्याशी जुळतात.