घड्याळाच्या क्लोजअपला f/1.4 का चालत नाही

"प्रॉडक्ट क्लोजअप खऱ्या कॅमेऱ्यासारखा हवा ना? ८५ एमएम लेन्स घ्या, f/1.4 ठेवा, फोकसला प्रॉडक्टच निवडा. लेन्स जितकी लांब, तितकी शार्प पट्टी अरुंद."

ब्लेंडरमध्ये रेंडर करताना मिळणारा हा सल्ला तपासू. आधी f/1.4 चं पाहू. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये मनगटी घड्याळ खऱ्या मापात ठेवलंय, सेन्सर ३६ मिमी आणि फ्रेममध्ये ७२ मिमी रुंदी बसतेय असं धरा. विशालन झालं ०.५. रेंडर २१६० पिक्सेल रुंद असेल आणि दोन पिक्सेलचा ब्लर चालवून घेतला, तर सेन्सरवर तो ०.०३३ मिमी भरतो. N म्हणजे f चा आकडा, c म्हणजे हा ब्लर आणि m म्हणजे विशालन धरलं, तर शार्प पट्टीची खोली साधारण अशी निघते:

```
2 × N × c / m²
```

f/1.4 ला उत्तर येतं ०.३७ मिमी. ३० मिमीची डायल ३० अंशांनी कललेली असली, की वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत खोली १५ मिमी होते. म्हणजे एखादी रेघ शार्प आणि बाकी सगळं लोणी. f/22 ला पट्टी ५.९ मिमी होते, त्यात डायलचा मधला १२ मिमी भाग नीट येतो. पूर्ण डायल हवी तर f/56 लागेल. खऱ्या लेन्सला तिथे विवर्तनामुळे चित्र मऊ पडतं. सायकल्स विवर्तन मोजतच नाही, त्यामुळे आकडा बिनधास्त वाढवा.

मग f/1.4 वर काहींचे रेंडर चांगले कसे येतात? बहुतेकदा मॉडेल दहापट मोठं इम्पोर्ट झालेलं असतं. अ‍ॅपर्चरचा व्यास मिलिमीटरमध्येच राहतो, घड्याळ मात्र ४० सेंटीमीटरचं होतं. तिथला f/1.4 खऱ्या मापातल्या f/14 सारखा वागतो. म्हणून F-Stop ला हात लावण्याआधी N पॅनेलमध्ये Dimensions बघा.

लेन्सचं म्हणणं अर्धंच खरं. फ्रेम तीच ठेवून ५० च्या जागी १०० एमएम घेतली, तर शार्प पट्टी तेवढीच राहते. दूरच्या पार्श्वभूमीचा ब्लर मात्र दुप्पट होतो. फोकल लेंग्थ निवडायची ती आकारासाठी. ५० एमएमला कॅमेरा १०० मिमीवर येतो आणि डायलची जवळची कड लांबच्या कडेपेक्षा १६ टक्के मोठी दिसते, घड्याळ फुगल्यासारखं वाटतं. १०० एमएमला कॅमेरा २०० मिमीवर जातो आणि फरक ८ टक्क्यांवर येतो.

राहिला फोकस. Focus on Object मध्ये घड्याळ निवडलं, की ब्लेंडर त्याचा ओरिजिन धरतो, आणि तो बऱ्याचदा केसच्या पोटात, डायलच्या काही मिमी मागे असतो. डायलवरच्या लोगोच्या व्हर्टेक्सला स्नॅप करून एक एम्प्टी ठेवा आणि तीच निवडा. Focus Distance हाताने भरायचं असेल तर अंतर कॅमेऱ्याच्या अक्षावर मोजा. २०० मिमीवरचा बिंदू मध्यापासून २५ मिमी बाजूला असेल, तर सरळ पट्टीने मोजलेलं अंतर दीड मिमी जास्त येतं. १०० टक्के झूमवर लोगो मऊ आणि त्याच्या मागचे आकडे कडक दिसले, तर फोकस मागे पडलाय.